जळालेल्या रोख्यांचा इतिहास कशावरून लिहायचा?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातलं सुपे गाव, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागितले, हाती लागले ते जाळले. कापडाची आणि धान्याची दुकानं लुटली गेली. पुढच्या दिवसांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तिसाहून अधिक गावांत हे लोण पोचलं. सावकाराने कागद निमूट दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. लोकांचा रोख माणसापेक्षा कागदावर होता.

‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या घटनेवर आज एखादी विद्यार्थिनी प्रबंध लिहायला बसली, तर पहिली अडचण विषयातच आहे. कोणी किती कर्ज काढलं, व्याजाचा दर काय होता, किती फेडलं हे ज्या कागदांवर होतं, नेमके तेच कागद जाळले गेले. मग ती लिहिणार कशावरून? जे उरलं, ते कुणी आणि कशासाठी लिहिलं? त्यातून काय कळतं आणि काय कधीच कळणार नाही? प्रबंधातलं ‘संशोधन पद्धती’ हे प्रकरण या प्रश्नांच्या उत्तरांसाठी असतं.

प्रत्यक्षात बहुतेक प्रबंधांत हे प्रकरण सगळ्यांत घाईने उरकलेलं दिसतं. ‘प्रस्तुत संशोधनासाठी ऐतिहासिक संशोधन पद्धतीचा अवलंब केला आहे. प्राथमिक व दुय्यम साधनांचा वापर केला आहे.’ यानंतर साधनांची यादी येते आणि शेवटी ‘मर्यादा’ या मथळ्याखाली वेळ, पैसा आणि प्रवासाच्या अडचणी. हा मजकूर दख्खनच्या दंग्यांवरच्या प्रबंधात चालेल, तसाच एखाद्या संस्थानच्या इतिहासातही चालेल. वेळ कमी पडला ही संशोधकाची अडचण झाली. साधनाची मर्यादा वेगळी असते. शंभर वर्षं वेळ मिळाला तरी ती हटत नाही, कारण ते साधन तयार झालं तेव्हाच ती त्यात शिरलेली असते. या प्रकरणात लिहायची ती ही मर्यादा.

सुरुवात साधनांपासून करायची नसते, प्रश्नापासून करायची असते. ‘दंग्यांची कारणे’ हा प्रश्न फार पसरट आहे, कोणतंही साधन त्याला थोडंफार उत्तर देतं. त्याऐवजी विद्यार्थिनीने प्रश्न असा घेतला असं समजू: भीमथडी आणि शिरूर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांचा राग सावकार बाहेरचा, मारवाडी किंवा गुजर, आहे म्हणून होता, की कर्जव्यवहाराच्या नव्या कायदेशीर रीतीवर होता? असा प्रश्न हातात आला की साधनं आपोआप निवडली जातात. लोकांनी कुणावर हल्ला केला आणि कुणाला सोडलं, काय जाळलं आणि काय ठेवलं, कागद मागताना काय बोलले, हे सांगणारी साधनं तिला हवी असतात. शेतसाऱ्याचे तक्ते तिला लागतील, पण दुसऱ्या ओळीत. हा क्रम का ठरवला ते सांगितलं की साधनांच्या निवडीचं निम्मं समर्थन होऊन जातं.

आता सगळ्यांत मोठं साधन घेऊ. दंग्यांनंतर मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. सुरुवातीला मुंबई सरकारला हे प्रकरण फार गंभीर वाटत नव्हतं. पण १८५७ ची आठवण ताजी असलेल्या हिंदुस्थान सरकारने जोर लावला. आयोगात रिची, लायन आणि ऑकलंड कॉल्व्हिन हे इंग्रज अधिकारी होते आणि रावबहादूर शंभुप्रसाद लक्ष्मीलाल होते. त्यांनी रयत, सावकार आणि साक्षीदार यांचे जबाब घेतले, भाव, व्याज आणि सारा यांचे आकडे गोळा केले, कलेक्टरांचे अहवाल मागवले. हा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. दख्खनच्या दंग्यांवर लिहिणारा कोणीही हा अहवाल टाळू शकत नाही.

म्हणूनच तो कसा वाचला हे सांगणं भाग आहे. ‘अहवाल सरकारी असल्याने एकांगी आहे’ एवढं लिहून काहीच साधत नाही. एकांगी कोणत्या बाजूने? आयोगाला सरकारच्याच महसूल खात्याच्या कामाचा निवाडा करायचा होता. भीमथडीच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास ठरलेल्या साऱ्याची तीस वर्षांची मुदत संपून १८६७ मध्ये फेरआकारणी झाली होती आणि सारा बराच वाढला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव त्याच सुमारास कोसळला होता. अशा वेळी दोष साऱ्याचा की सावकाराचा, हा प्रश्न आयोगासाठी नाजूक होता. अहवालाचा कल सावकाराला दोष देण्याकडे आहे. त्यामुळे विद्यार्थिनीने लिहायला हवं की या साधनात सावकाराच्या जाचाबद्दलचा मजकूर फुगलेला असण्याची आणि साऱ्याच्या ओझ्याबद्दलचा मजकूर आखडलेला असण्याची शक्यता आहे. कल कोणत्या बाजूला आहे हे समजलं की वाचकाला तेवढी सूट धरून वाचता येतं. शिवाय हा अहवाल एकसुरी नाही. कॉल्व्हिन यांनी महसूल पद्धतीवर टीका करणारं वेगळं टिपण जोडलं. सरकारी साधनातही आतून मतभेद असतात, आणि तिच्या प्रश्नासाठी अशा जागा मोलाच्या आहेत.

याच अहवालातला एक आकडा फार फिरतो. काही निवडक गावांची पाहणी करून आयोगाने म्हटलं की सरकारी जमिनीचे सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जबाजारी आहेत आणि त्यांचं कर्ज सरासरीने त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट आहे. अनेक लेखांत याचं ‘दख्खनचा शेतकरी साऱ्याच्या अठरा पट कर्जात बुडाला होता’ असं वाक्य होतं. ते चुकीचं आहे. अठरा पट ही सरासरी फक्त कर्जबाजारी खातेदारांची आहे आणि आधार निवडक गावांचा आहे. कुळांचा आणि मजुरांचा तर त्यात हिशोबच नाही.

त्याहून खोलवरचा प्रश्न असा की ‘कर्ज’ म्हणजे कोणती रक्कम? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार कर्जरोखा तीन वर्षांपुरताच कोर्टात चाले. म्हणून दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. समजा, एखाद्याने शंभर रुपये शेकडा चोवीस दराने घेतले आणि काहीच फेडलं नाही. तीन वर्षांचं व्याज बहात्तर, म्हणून नवा रोखा एकशे बहात्तरचा. आणखी तीन वर्षांनी त्यावर जवळपास एकशे चोवीस व्याज, म्हणजे रोखा सुमारे दोनशे शहाण्णवचा. सहा वर्षांत कागदावरचं कर्ज जवळजवळ तिप्पट झालं, हातात मात्र शंभरच आले होते. मधल्या काळात दिलेलं धान्य सावकाराने जमा धरलं नसेल, तर फरक आणखी वाढतो. तेव्हा अठरा पट या आकड्यातून सावकार किती मागत होता हे कळतं, शेतकऱ्याने किती उचललं होतं हे कळत नाही. विद्यार्थिनीच्या प्रश्नासाठी पहिली गोष्ट कामाची आहे, कारण लोक चिडले ते मागितलेल्या रकमेवर. शेतकरी कर्ज का काढत होते असा प्रश्न असता, तर हाच आकडा दिशाभूल करणारा ठरला असता. साधन चांगलं की वाईट असं सरसकट ठरवता येत नाही. ते कोणत्या प्रश्नाला पुरं पडतं हे ठरवता येतं.

आता दुसरा सापळा. अहवालाला आधार म्हणून पुष्कळजण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे पुणे आणि अहमदनगरचे खंड देतात, आणि दोन सरकारी साधनं एकच गोष्ट सांगतात म्हणून ती पक्की झाली असं मानतात. पण हे खंड १८८० च्या दशकात छापले गेले आणि दंग्यांची हकीकत सांगताना ते आयोगाच्या अहवालावर विसंबले आहेत. म्हणजे साक्षीदार दोन नाहीत, एकच आहे, तो दोनदा बोलला आहे. ‘साधनांची पडताळणी केली’ असं लिहिताना ती कशाशी केली, आणि ते दुसरं साधन पहिल्यावरूनच उतरलेलं नाही ना, हे एका वाक्यात सांगायलाच हवं.

स्वतंत्र साक्षीदार म्हणून पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतात ती वर्तमानपत्रं. पण कोणती? ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला, ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये. १८७५ च्या उन्हाळ्यात दोन्ही नव्हते. पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ होता, तो १८४९ पासून चालू होता. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ चा. शेतकऱ्याच्या दैन्याची फुल्यांनी केलेली मांडणी समजून घ्यायला त्याला तोड नाही, पण १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात काय घडलं याची साक्ष म्हणून तो वापरता येणार नाही. आठ वर्षांचं अंतर आहे, आणि त्या आठ वर्षांत १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आहे. दुष्काळानंतरच्या लेखणीतून दुष्काळाआधीचा राग वाचताना दोन्ही एकमेकांत मिसळतात. हा ग्रंथ का वगळला, किंवा कोणत्या मर्यादित कामासाठी घेतला, हे लिहिणं निवडीचाच भाग आहे. वगळलेल्या साधनांबद्दलचे असे दोन परिच्छेद परीक्षकाला बरंच काही सांगतात.

देशी वर्तमानपत्रांचे मूळ अंक पुष्कळदा मिळत नाहीत. मग अभ्यासक सरकारच्या साप्ताहिक सारांशांकडे वळतात. मुंबई इलाख्यात सरकारी अनुवादक मराठी, गुजराती वगैरे पत्रांतला मजकूर निवडून त्याचा इंग्रजी सारांश अधिकाऱ्यांसाठी दर आठवड्याला तयार करत. हे सारांश फार उपयोगी आहेत. पण अनुवादकाने उचललं ते सरकारला जाणून घ्यावंसं वाटेल ते, म्हणजे सरकारवरची टीका, अशांततेची चाहूल. बाजारभावाची बातमी, एखाद्या गावच्या पंचायतीची हकीकत त्यात गळून जाते. मूळ मराठी शब्दही हरवतात. विद्यार्थिनीचा प्रश्न लोकांनी सावकाराला कोणत्या नावाने हिणवलं इथपर्यंत जाणार असेल, तर इंग्रजी सारांशावरून तिला काहीच म्हणता येणार नाही. तिने तसं स्पष्ट लिहावं आणि प्रबंधात त्या सारांशांवरून शब्दांबद्दल कोणताही दावा करू नये.

मग उरतात ते कागद. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे न्याय आणि महसूल खात्यांच्या खंडांत कलेक्टरांचा आणि पोलिसांचा पत्रव्यवहार मिळतो. त्यात पकडलेल्यांची माहिती असते. इथे विसरायचं नाही की पकडले गेलेले म्हणजे सामील झालेले नव्हेत. ज्यांना सावकाराने ओळखलं ते पकडले गेले, आणि सावकार ओळखणार ते आपल्या ऋणकोंना. त्यामुळे आरोपींत कर्जदारांचं प्रमाण जास्त दिसलं, तर ते गर्दीचं चित्र असेल किंवा ओळखण्याच्या रीतीचं. या दोन्हींत फरक करायला आणखी पुरावा लागतो.

आता पुन्हा रोख्यांकडे. सगळेच जळाले नाहीत. काही सावकारांच्या घराण्यांत मोडीतल्या वह्या आणि खतं अजून असतात. अशी एखादी वही मिळाली की विद्यार्थिनीला खजिना सापडल्यासारखं होतं, आणि ते साहजिकच आहे. पण वही टिकली कुठे? जिथे जमाव पोचला नाही तिथे, किंवा जिथल्या सावकाराशी लोकांचं बरं होतं तिथे. म्हणजे टिकलेल्या वह्यांतलं चित्र मुळातच शांत गावांचं आहे. त्यावरून पेटलेल्या गावांतले व्याजदर सांगितले, तर दर खरे होते त्यापेक्षा सौम्य दिसण्याचा धोका आहे. नोंदणी कचेरीतल्या दस्तांचीही अशीच गत. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावरावरच्या गहाणखतांची नोंदणी सक्तीची होती, त्याखालची ऐच्छिक. त्यामुळे नोंदवह्यांत मोठी गहाणं दिसतात. बियाण्यासाठी, लग्नासाठी, साऱ्याच्या हप्त्यासाठी घेतलेली पाच-पंचवीस रुपयांची साधी कर्जं दिसत नाहीत. दंगे झाल्यावर १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. शेतकऱ्यांचे रोखे गावच्या निबंधकापुढे करण्याची तरतूद त्यात होती. म्हणून १८७९ नंतरचे दस्त आणि आधीचे दस्त शेजारी ठेवून ‘कर्ज वाढलं’ असं म्हणता येत नाही. वाढली असेल ती नोंद.

हे सगळं प्रकरणात उतरवायचं कसं? प्रत्येक साधनासाठी चार गोष्टी सलग सांगाव्यात: ते का घेतलं, ते कसं तयार झालं, त्यात काय सुटतं किंवा कोणत्या बाजूला झुकतं, आणि म्हणून त्यावरून कोणता दावा केलेला नाही. नमुना म्हणून वह्यांबद्दलचा परिच्छेद असा होईल:

‘सावकारांच्या उपलब्ध वह्या या प्रबंधात रोखा नव्याने लिहून घेण्याची पद्धत समजून घेण्यासाठी वापरल्या आहेत, कारण आयोगाच्या अहवालात या पद्धतीचे वर्णन आहे, परंतु तिच्या मूळ नोंदी नाहीत. या वह्या ज्या गावांतल्या आहेत तिथे १८७५ मध्ये कागद जाळल्याची नोंद सापडत नाही. दंगा झालेल्या गावांतल्या वह्या बहुतांशी नष्ट झाल्या असल्याने उपलब्ध वह्या कमी तणावाच्या व्यवहारांकडे झुकलेल्या असाव्यात. म्हणून त्यांच्यावरून व्याजाचा सरासरी दर काढलेला नाही. नोंदीची रीत आणि जमाखर्चाची भाषा एवढ्यापुरताच त्यांचा आधार घेतला आहे.’

यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. मर्यादा सांगून पुढच्या प्रकरणात तीच मर्यादा विसरणं हा प्रबंधांतला नेहमीचा दोष आहे. तो ओळखणं सोपं आहे. मर्यादांचा भाग झाकून ठेवावा आणि निष्कर्ष वाचावेत. मर्यादा लिहिल्यामुळे निष्कर्षातलं एकही वाक्य बदललं नसेल, तर त्या मर्यादा नावापुरत्या आहेत.

दुय्यम ग्रंथांचं स्थानही इथेच ठरवायचं. रविंदर कुमार यांनी १९६८ च्या ग्रंथात या दंग्यांकडे ब्रिटिश राजवटीत गावच्या समाजाची घडी कशी बदलली या अंगाने पाहिलं. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये एका गाजलेल्या लेखात या दंग्यांना मिळालेलं महत्त्वच अवास्तव आहे, असं म्हटलं. त्यांच्या मते दंगे मर्यादित होते. दोघांच्याही हाताशी आयोगाचा अहवाल होता. म्हणून ‘अमुक विद्वानांच्या मते’ अशी मतांची माळ लावून भागत नाही. दोघे त्याच साधनाचा कोणता भाग किती वजनाने घेतात आणि आपण कुठे उभे आहोत, हे सांगावं लागतं. आपली साधनं त्यांच्याहून वेगळी नसतील, तर आपला प्रश्न वेगळा असायला हवा, आणि तोही इथेच दाखवावा.

हे प्रकरण शेवटी लिहिलं जातं, पण त्याची सामग्री पहिल्या दिवसापासून जमवावी लागते. पुराभिलेखागारात कोणत्या खात्याचा, कोणत्या वर्षाचा, कितवा खंड मागवला, त्यात काय शोधलं आणि काय मिळालं नाही, हे त्याच दिवशी वहीत टिपावं. न मिळालेल्या गोष्टींची नोंद सगळेच विसरतात. ‘भीमथडीतल्या मामलेदाराचे मूळ मराठी जबाब शोधले, इंग्रजी गोषवारेच मिळाले’ हे वाक्य वर्षभराने आठवणीतून लिहिता येत नाही. आणि तेच वाक्य जबाबांतून शेतकऱ्याचा आवाज किती येतो, कारकुनाचा किती, हे ठरवतं.

अशा रीतीने काम केल्यावर विद्यार्थिनीचा निष्कर्ष आखडता होईल. ‘शेतकऱ्यांचा राग सावकाराच्या जातीवर नव्हता’ असं ती म्हणू शकणार नाही, कारण आयोगाच्या अहवालात मारवाडी आणि गुजर सावकारांवर रोख दिसतो आणि त्याला छेद देणारं स्वतंत्र साधन फार थोडं आहे. पण एक गोष्ट तिला ठामपणे म्हणता येईल: सावकाराच्या बाजूच्या, सरकारच्या बाजूच्या आणि वर्तमानपत्रांच्या सारांशांतल्या हकीकती एकमेकींशी पटत नसल्या, तरी कागद मागितले आणि जाळले या मुद्द्यावर त्या जुळतात. अहवालाचा कल सावकाराच्या जाचाकडे होता आणि सारांशांचा सरकारवरच्या टीकेकडे, तरी दोघांनी हीच गोष्ट नोंदवली. दोन साधनांचे दोष वेगवेगळ्या दिशांचे असतात, तेव्हा ज्या गोष्टीवर ती सहमत होतात ती भक्कम असते. हे तिला म्हणता आलं ते तिने दोषांची दिशा आधी मांडली म्हणून. परीक्षकाने तोंडी परीक्षेत ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’ असं विचारलं, तर तिला नवं काही सांगावं लागणार नाही. उत्तर तिच्या प्रबंधात आधीच लिहिलेलं असेल.